मार्चमध्ये नफा, मार्चमध्येच खडखडाट

कराडमधल्या एका नवरा-बायकोनं जानेवारीत कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सुरू केला, असं समजू या. घराजवळ भाड्याची खोली आहे, एक डंका आहे, पाऊच सील करायचं यंत्र आहे, मदतीला एक बाई येतात. यंत्रं, अन्न परवाना, लेबलांची पहिली छपाई हे सगळं डिसेंबरातच उरकलं आहे आणि १ जानेवारीला बँकेत दोन लाख रुपये शिल्लक आहेत. हे उदाहरण मी रचलेलं आहे आणि त्यातले भाव गृहीत धरलेले आहेत. पण गणिताचा साचा अशा कुठल्याही छोट्या मसाला उद्योगाचा आहे.

या धंद्याचा वर्षभराचा अंदाज कोष्टकात मांडला, तर पहिले दोन महिने तोटा दिसतो. मार्चमध्ये पहिल्यांदा नफा येतो, ११,२०० रुपये. त्याच मार्चमध्ये बँकेतले दोन लाख दोन हजार रुपये निघून जातात आणि महिनाअखेरीला ६४,१२५ रुपये कमी पडतात. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्या वर्षाचा अंदाज करायचा तो हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिसावेत म्हणून. विक्री वजा खर्च एवढंच मांडणाऱ्या कोष्टकात दुसरा आकडा येतच नाही. म्हणून आपण या एकाच धंद्याचं कोष्टक पहिल्या ओळीपासून बांधू.

सगळं एकाच शीटवर मावतं. A स्तंभात ओळीचं नाव, B स्तंभात गृहीतकं, आणि C पासून N पर्यंत जानेवारी ते डिसेंबर. गृहीतक म्हणजे आपण ठरवलेला किंवा अंदाजानं धरलेला आकडा. किलोचा भाव, मिरचीचा दर, भाडं हे असे आकडे. ते प्रत्येकी एकदाच आणि फक्त B मध्ये लिहायचे. पुढच्या बारा महिन्यांत कुठेही ६०० किंवा २४० असा आकडा सूत्रात टाईप करायचा नाही, त्या सेलचा पत्ता द्यायचा. आपल्या उदाहरणातली गृहीतकं अशी:

```
B2   600      थेट विक्रीचा भाव, किलोला
B3   450      दुकानाला भाव, किलोला
B4   5        एका दुकानात महिन्याला किती किलो
B5   0.5      एक किलो मसाल्याला किती किलो मिरची
B6   240      मिरचीचा भाव, किलोला
B7   145      बाकी माल आणि पाऊच, किलोमागे
B8   20000    महिन्याचा ठरलेला खर्च
B9   10000    घरखर्चासाठी उचल
B10  240      महिन्याला जास्तीत जास्त किती किलो होईल
B11  200000   सुरुवातीची शिल्लक
```

मिरचीचा दर २४० चा २८० झाला, तर B6 मध्ये एक आकडा बदलायचा आणि वर्षभराचा खर्च, नफा, शिल्लक एका क्षणात नव्यानं मांडली जाते. स्प्रेडशीट जन्माला आली ती याच गरजेतून. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत असताना फळ्यावरच्या आर्थिक कोष्टकात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. त्यातून त्याला कल्पना सुचली आणि १९७९ साली बॉब फ्रँकस्टनच्या साथीनं व्हिसिकॅल्क हा कार्यक्रम बाजारात आला. सूत्रांत आकडे टाईप केलेलं कोष्टक म्हणजे पुन्हा तोच फळा. दर बदलला की कुठल्या कुठल्या महिन्यात तो लिहिलाय हे शोधत बसावं लागतं, आणि एक महिना हमखास राहून जातो.

B7 मधल्या १४५ रुपयांत खोबरं, लसूण, कांदा, धणे, तीळ, खडा मसाला, तेल, मीठ यांचे १३० आणि २०० ग्रॅमच्या पाच पाऊचचे लेबलासकट १५ रुपये आहेत. मिरचीचे १२० धरले की किलोमागे मालाचा खर्च २६५ रुपये होतो. अर्धा किलो मिरची म्हणताना देठ काढल्यावर होणारी घट धरलेली आहे. ती विसरली, तर हिशेब कागदावर सुंदर दिसतो आणि पोतं लवकर संपतं. B8 मधल्या वीस हजारांत खोलीचं भाडं ५,०००, मदतनीस बाईंचा पगार ९,०००, वीज २,०००, वाहतूक २,५०० आणि किरकोळ १,५०० आहेत. विक्री वर्षाला ९ लाखांच्या आसपास राहणार, म्हणजे माल विकणाऱ्यांसाठी जीएसटी नोंदणीची जी ४० लाखांची मर्यादा आहे तिच्या बरीच खाली, म्हणून इथे जीएसटी वेगळा दाखवलेला नाही. खरेदीवर भरलेला कर खर्चातच धरायचा. नोंदणी घेतलेली असेल, तर गिऱ्हाइकाकडून घेतलेला कर विक्रीच्या ओळीत मिसळू नये, तो आपला पैसा नसतो.

घरखर्चाची उचल अनेक जण कोष्टकात लिहीतच नाहीत. नवा धंदा आहे, पहिलं वर्ष आपण काही घेणार नाही, असं म्हणतात. पण किराणा, मुलांची फी, आईची औषधं यांना पैसे लागतातच आणि ते गल्ल्यातूनच जातात. कोष्टकात न लिहिल्यानं ते थांबत नाहीत, फक्त दिसेनासे होतात. म्हणून B9 ला स्वतंत्र ओळ हवीच.

आता विक्री. पहिल्या वर्षाच्या अंदाजात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्यातली सर्वांत मोठी म्हणजे रुपयांपासून सुरुवात करणं. पहिल्या महिन्यात वीस हजारांची विक्री होईल, मग दर महिन्याला दहा टक्के वाढेल, असं लिहिलं की बारा आकडे क्षणात तयार होतात. पण त्या दहा टक्क्यांमागे कोण गिऱ्हाईक आहे, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. पुढे विक्री कमी पडली, तरी ती कशामुळे हे त्या आकड्यातून कळत नाही.

विक्री मोजता येईल अशा गोष्टींपासून बांधायची. या धंद्यात गिऱ्हाइकं दोन जातींची आहेत. पहिली जात वर्षाचा मसाला एकदम घेणाऱ्या घरांची. पश्चिम महाराष्ट्रात मिरची वाळवून वर्षाचा मसाला करायचा तो उन्हाळ्यात, पावसाआधी. घरी करायला वेळ नाही अशी कुटुंबं त्याच दिवसांत तीन-चार किलो एकदम सांगतात आणि रोख देतात. एप्रिलमध्ये १२० किलो थेट विकू, हे वाक्य हवेतलं आहे. ४० घरं, घरटी ३ किलो, हे तपासता येतं. नातेवाईक, भिशीतल्या बायका, सोसायटी, शाळेतल्या पालकांचा गट अशी नावांची यादी केली आणि ती अठ्ठावीसवरच थांबली, तर १२० चा आकडा खाली आणायचा, हे तिथल्या तिथे ठरतं.

दुसरी जात किराणा दुकानांची. इथे दोन आकडे लागतात: किती दुकानं आणि एका दुकानात महिन्याला किती किलो. दुकानदाराला ‘हा मसाला चालेल का’ असं विचारलं, तर तो भिडेखातर हो म्हणतो. त्याच्याकडे आधीपासून असलेल्या मसाल्याची किती पाकिटं गेल्या महिन्यात गेली, हे विचारायचं. मग पाच-सात दुकानांत थोडी पाकिटं ठेवून तीन आठवड्यांनी उरलेली मोजायची. आपण दुकानामागे ५ किलो धरले आहेत, म्हणजे २०० ग्रॅमची २५ पाकिटं, जवळजवळ रोज एक.

या अंदाजातून दोनच ओळी हातानं भरायच्या. बाकी सगळं सूत्रांवर सोडायचं.

| महिना | थेट विक्री, किलो | दुकानं |
|---|---|---|
| जानेवारी | १० | ५ |
| फेब्रुवारी | २० | ८ |
| मार्च | ६० | १२ |
| एप्रिल | १२० | १५ |
| मे | १४० | १८ |
| जून | ५० | २० |
| जुलै | २० | २२ |
| ऑगस्ट | २० | २५ |
| सप्टेंबर | २५ | २८ |
| ऑक्टोबर | ३५ | ३० |
| नोव्हेंबर | ३० | ३२ |
| डिसेंबर | ३० | ३५ |

थेट विक्री १३ व्या ओळीत आणि दुकानांची संख्या १४ व्या ओळीत ठेवली, तर जानेवारीची पुढची सूत्रं अशी होतात. ती एकदा C मध्ये लिहायची आणि N पर्यंत ओढायची:

```
C15  =C14*$B$4                    दुकानांना किलो
C16  =C13+C15                     एकूण किलो
C17  =C13*$B$2+C15*$B$3           विक्री
C18  =C16*($B$5*$B$6+$B$7)        मालाचा खर्च
C19  =$B$8                        ठरलेला खर्च
C20  =C17-C18-C19                 नफा
C21  =IF(C16>$B$10,"जमणार नाही","")
```

डॉलरची खूण म्हणजे सूत्र ओढताना तो पत्ता हलू नये यासाठीची खुंटी. ती राहिली, तर फेब्रुवारीचं सूत्र B2 ऐवजी C2 मध्ये भाव शोधतं. तिथे काहीच नसतं आणि विक्री शून्य येते. शून्य आलं तर बरंच, कारण ते डोळ्यांत भरतं. शेजारच्या सेलमध्ये दुसराच एखादा आकडा असेल, तर चूक महिनोन् महिने लपून राहते.

२१ वी ओळ छोटी आहे, पण ती मोलाची आहे. दिवसाला १० किलो आणि महिन्याला कामाचे २४ दिवस धरले, तर २४० किलोंच्या पुढे हा डंका आणि ही माणसं जाऊ शकत नाहीत. मेमध्ये एकूण २३० किलो लागणार आहेत, म्हणजे जेमतेम बसतं. कुणी उत्साहानं मेची थेट विक्री १४० ची १८० केली, की ती ओळ लगेच ‘जमणार नाही’ म्हणते. मग एप्रिलमध्ये थोडा माल पुढचा करून ठेवायचा, की मेपुरती आणखी एक बाई घ्यायची, हा विचार करावा लागतो. दोन्हींचा खर्च वेगळा लिहावा लागतो. विक्रीचा अंदाज हातांच्या आणि यंत्राच्या ताकदीशी जोडलेला नसेल, तर तो अंदाज म्हणता येत नाही.

एवढं झालं की वर्षाचं चित्र दिसतं. १,८१० किलो मसाला, ८,९८,५०० रुपयांची विक्री, सर्व खर्च जाऊन १,७८,८५० रुपये. त्यातून घरखर्चाचे १,२०,००० वजा केले की ५८,८५० रुपये उरतात. डिसेंबरात घेतलेल्या यंत्रांची झीज यात धरलेली नाही, म्हणजे तेवढी रक्कम पूर्णपणे कमाई म्हणू नये. तरी पहिल्या वर्षासाठी हे वाईट नाही. बरेच अंदाज इथेच संपतात आणि फाईल बंद होते.

पण नफ्याच्या ओळीला वेळ कळत नाही. जानेवारीत दुकानाला दिलेला माल तिच्या लेखी जानेवारीतच विकला गेला. पैसे मात्र दीड महिन्यानं येतात. मिरचीचा खर्च ती जसा मसाला विकला जाईल तसा महिन्या-महिन्याला दाखवते. प्रत्यक्षात मिरची हंगामात एकदम घ्यायची असते. नवी मिरची बाजारात येते तेव्हा, ब्याडगी आणि संकेश्वरी चांगल्या रंगाची आणि सुकी मिळते तेव्हा, जाणते व्यापारी वर्षाची भरती करतात. म्हणून खालच्या बाजूला आणखी पाच ओळी लागतात, आणि त्यांचा नियम एकच: पैसा ज्या महिन्यात हातात येतो किंवा हातातून जातो, त्याच महिन्यात लिहायचा.

आधी दुकानांची वसुली. उधारी ४५ दिवसांची आहे. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दिलेल्या मालाचे पैसे पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतील. दुसऱ्या पंधरवड्यात दिलेल्या मालाचे त्याच्याही पुढच्या महिन्यात. म्हणजे कुठल्याही महिन्याची निम्मी विक्री पुढच्या महिन्यात वसूल होते आणि निम्मी त्यानंतरच्या. मार्चच्या स्तंभात, म्हणजे E मध्ये, हे असं लिहायचं:

```
E22  =E13*$B$2                          थेट विक्रीची रोकड
E23  =(C15+D15)/2*$B$3                  दुकानांची वसुली
E24  857.5                              मिरची खरेदी, किलो (हातानं)
E25  =E24*$B$6+E16*$B$7+$B$8+$B$9       एकूण जावक
E26  =D26+E22+E23-E25                   महिनाअखेर शिल्लक
```

जानेवारीत वसुली शून्य. फेब्रुवारीत फक्त जानेवारीची निम्मी, म्हणून D23 मध्ये `=C15/2*$B$3` लिहायचं. जानेवारीच्या शिल्लकेत मागच्या महिन्याऐवजी B11 येतो. मिरचीची खरेदी जानेवारीत १७.५ आणि फेब्रुवारीत ३० किलो, लागेल तेवढीच. मार्चमध्ये डिसेंबरअखेरपर्यंतची सगळी, ८५७.५ किलो, म्हणजे २,०५,८०० रुपयांची.

आणि २६ व्या ओळीत चित्र पालटतं. जानेवारीअखेर १,६६,७२५, फेब्रुवारीअखेर १,३८,४५०, मार्चअखेर उणे ६४,१२५. एप्रिलमध्येही खातं उणेच, २७,९००. मेच्या शेवटी कुठे २३,१२५ रुपये हाती येतात. डिसेंबरअखेर शिल्लक १,४४,१०० आहे. वर्षभर धंदा करून, ५८,८५० रुपये उरल्याचं वहीत लिहून, बँकेत सुरुवातीपेक्षा ५५,९०० रुपये कमी.

हे पैसे कुणी नेलेले नाहीत. डिसेंबरअखेर दुकानांकडून १,१४,७५० रुपये येणं बाकी आहे: नोव्हेंबरची निम्मी विक्री आणि डिसेंबरची पूर्ण. ५८,८५० मधून १,१४,७५० वजा करा, बरोबर उणे ५५,९०० येतात. हा मेळ बसणं हीच कोष्टक बरोबर असल्याची खूण. तो शीटच्या एका कोपऱ्यात कायमचा बसवून ठेवावा:

```
=SUM(C20:N20)-12*$B$9-(M15/2+N15)*$B$3
 -(SUM(C24:N24)-SUM(C16:N16)*$B$5)*$B$6-(N26-$B$11)
```

हे एकच सूत्र आहे, छपाईसाठी दोन ओळींत मोडलं आहे. मधला भाग न वापरलेल्या मिरचीच्या साठ्याचा आहे. उत्तर शून्य यायला हवं. शून्याऐवजी ११,२५० आले, तर ती जानेवारीची दुकान-विक्री आहे हे पटकन ओळखू येतं आणि वसुलीच्या ओळीत काहीतरी सुटलंय हे कळतं. चुकीचा आकडाच बहुतेक वेळा चुकीचा पत्ता सांगतो.

मार्चमधला खड्डा दिसला, आता त्याचं काय करायचं? इथे कोष्टक खऱ्या अर्थानं कामाला येतं, कारण दोन उपाय रुपयांत तोलता येतात.

पहिला उपाय, मार्चमध्ये फक्त जूनपर्यंतची मिरची घ्यायची. ३४७.५ किलो, ८३,४०० रुपये. जुलैपासून दर महिन्याला लागेल तशी, पण तेव्हा ती शीतगृहातली आणि महाग, समजा २८० रुपयांनी. मार्चअखेर शिल्लक ५८,२७५ राहते आणि वर्षभरात त्याखाली कधीच जात नाही. किंमत मोजावी लागते ती ५१० किलोंवर किलोमागे ४० रुपये, म्हणजे २०,४०० रुपये. डिसेंबरअखेर १,२३,७०० उरतात.

दुसरा उपाय, मार्चमध्ये एक लाखाचं कर्ज काढून सगळी मिरची एकदम घ्यायची. मुद्रा योजनेत ५० हजारांच्या पुढे पाच लाखांपर्यंतचं कर्ज ‘किशोर’ गटात बसतं. व्याज वर्षाला १२ टक्के धरलं आणि मुद्दल डिसेंबरअखेर एकदम फेडलं, तर एप्रिलपासून महिन्याला हजार, नऊ महिन्यांचे ९,००० रुपये जातात. मार्चअखेर शिल्लक ३५,८७५. डिसेंबरअखेर कर्ज फेडून १,३५,१००. म्हणजे व्याज भरूनही कर्जाची वाट ११,४०० रुपयांनी स्वस्त पडते. व्याजाला भिऊन तुकड्या-तुकड्यांनी महाग माल घेणारे अनेक जण हा हिशेब मांडतच नाहीत.

तरी मी लगेच कर्जाच्या बाजूनं कौल देणार नाही. साडेआठशे किलो मिरची पावसाळाभर कोरडी ठेवायची म्हणजे जमिनीपासून उंच फळ्या, चांगलं बारदान आणि ओल न येणारी जागा हवी. बुरशी लागली, तर ती मिरची मसाल्यात घालता येत नाही, आणि ती हानी ९,००० च्या व्याजाहून कितीतरी मोठी असते. जुलैत भाव २८० होईलच, हीदेखील खात्री नाही. तो २५० वर राहिला, तर तुकड्यांनी घेण्याची किंमत फक्त ५,१०० रुपये होते आणि कौल उलटतो. कोष्टक भाव सांगत नाही. कुठल्या भावाला निर्णय बदलतो तेवढं सांगतं. इथे तो भाव किलोला साधारण २५७–२५८ रुपये आहे. शीतगृहातल्या मिरचीचा भाव त्याच्या वर जाणार असं बाजारातले जाणकार म्हणत असतील, तर कर्ज. नाहीतर तुकडे.

आता वसुलीची बाजू. ४५ दिवस म्हणून दिलेली उधारी प्रत्यक्षात ७५ दिवसांवर गेली तर? २३ व्या ओळीतली सूत्रं एका महिन्यानं पुढे सरकवायची, बाकी काही बदलायचं नाही. नफ्याच्या ओळीत एका रुपयाचाही फरक पडत नाही. पण कर्ज काढलेलं असलं तरी मार्चअखेर शिल्लक २१,२५० वर येते आणि डिसेंबरअखेर आणखी ६९,७५० रुपये दुकानांत अडकतात. १,३५,१०० ऐवजी ६५,३५० हाती राहतात. कायदा छोट्या उत्पादकाच्या बाजूनं आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करारच नसेल तर १५ दिवसांच्या आत. त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवावी आणि बिलावर मुदत छापावी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी कुणी कायद्यानं भांडत नाही हे खरं. तरी छापलेली तारीख दाखवून पैसे मागणं सोपं जातं, आणि मागची बाकी आल्याशिवाय नवा माल नाही हा नियम पहिल्या महिन्यापासून लावता येतो. सहाव्या महिन्यात तो लावायला गेलं की दुकानदार दुखावतो.

धंदा सुरू झाल्यावर प्रत्येक महिन्याचे खरे आकडे येऊ लागतात. ते अंदाजावर लिहून अंदाज पुसायचा नाही. मूळ शीटची प्रत ‘प्रत्यक्ष’ नावानं काढायची आणि खरे आकडे तिथे भरायचे, म्हणजे दोन्ही शेजारी राहतात. तुलना करताना विक्रीचे रुपये शेवटी बघावेत. आधी बघायचे ते दोन हातांनी भरलेले आणि B मध्ये धरलेले आकडे: घरं किती झाली, दुकानं किती झाली, दुकानामागे किलो किती गेले, मिरची कुठल्या भावानं पडली.

यातला सगळ्यांत नाजूक आकडा B4 मधला आहे, दुकानामागे ५ किलो. तोच पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त फसवतो. नव्या दुकानदाराला माल दाखवला की तो पाच किलो ठेवून घेतो. आपल्या वहीत पाच किलोंची विक्री लागते. पण ती फक्त त्याच्या फळीवरची भरणी आहे, गिऱ्हाइकानं अजून एकही पाकीट उचललेलं नाही. दर महिन्याला नवी दुकानं जोडत गेलं की अशा पहिल्या भरण्यांनी एकूण आकडा अंदाजाप्रमाणे चढत राहतो आणि जुन्या दुकानांत माल पडून आहे हे झाकलं जातं. ओळखायचं कसं? ‘प्रत्यक्ष’ शीटवर दुकानांची विक्री दोन ओळींत तोडायची, पहिली भरणी एकीकडे आणि फेरमागणी दुसरीकडे. फेरमागणीचे किलो भागिले जुनी दुकानं, हा खरा B4.

तो किती असावा लागतो, हेही शीटमधून काढता येतं. एक्सेलमध्ये Goal Seek नावाची सोय आहे. तिला सांगायचं की वर्षाचा नफा १,२०,००० व्हावा, म्हणजे घरखर्च भागून शून्य उरावं, त्यासाठी B4 किती हवा ते शोध. उत्तर येतं सुमारे ३.७३ किलो, म्हणजे दुकानामागे महिन्याला १९ पाकिटं. ५ किलोंना ५८,८५० रुपये उरतात आणि साडेतीन किलोंवर आलं की १०,५२५ रुपये कमी पडतात. भाव, भाडं, मिरची, सगळं जसंच्या तसं ठेवून.

म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मार्केट यार्डात मिरचीचा सौदा करायच्या आधी, जानेवारीतली पाच दुकानं पायी फिरून यायची. फेब्रुवारीत त्यांनी किती पाकिटांची फेरमागणी दिली ते बिलांतून काढायचं, आणि फळीवर आज किती उरली ती हातानं मोजायची. दुकानामागे वीस-बावीस पाकिटं गेली असतील, तर ८५७ किलोंचा विचार करता येतो. पंधरा-सोळाच गेली असतील, तर B4 मध्ये ३ लिहायचं, २१ व्या ओळीकडे न बघता थेट २६ व्या ओळीकडे बघायचं, आणि जूनपर्यंत लागेल तेवढीच मिरची उचलायची. उन्हाळ्यातल्या घरगुती मागणीला ती पुरते, आणि दुकानांचा आकडा पक्का कळेपर्यंत बाकीचे पैसे खात्यात राहतात.